थ्री स्टार म्हणजे नेमकं काय मिळणार? गोव्यात पहिल्यांदा हॉटेल निवडणाऱ्यांसाठी

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही लातूरहून पहिल्यांदाच गोव्याला येतोय, नोव्हेंबरमध्ये. मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कळंगुटला एक 'थ्री स्टार' हॉटेल दिसतंय, खोली ४,२०० रुपये. कांदोळीला एक गेस्ट हाऊस आहे, त्याला स्टार काहीच नाही, खोली ३,०००. मिस्टर म्हणतात थ्री स्टार आहे म्हणजे डोळे झाकून घ्या. स्टारवर एवढा भरवसा ठेवता येतो का?

उत्तर:

ताई, डोळे झाकून घेऊ नका. आधी एक गोष्ट बघा: तो स्टार दिला कोणी? तुमच्या मोबाइलवर हॉटेलच्या नावाखाली जे तारे दिसतात ते तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले असू शकतात, आणि दिसायला तिन्ही सारखेच.

पहिला सरकारी. भारतात हॉटेलला अधिकृत स्टार केंद्रीय पर्यटन मंत्रालय देतं. त्यासाठी एक समिती आहे, आमच्या धंद्यात तिला एचआरएसीसी म्हणतात. हॉटेलवाला अर्ज करतो, समिती येऊन पाहणी करते, छापील तक्ता हातात घेऊन एकेक बाब तपासते आणि एक ते पाच स्टार, त्यावर फाइव्ह स्टार डिलक्स, अशी श्रेणी ठरवते. प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं, मग पुन्हा अर्ज. यातली महत्त्वाची बाब अशी की हे सगळं ऐच्छिक आहे. स्टार घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. त्यामुळे गोव्यात कितीतरी उत्तम हॉटेलं या वाटेला गेलेलीच नाहीत.

दुसरा स्टार बुकिंगच्या साइटवरचा. तो बऱ्याचदा हॉटेलने स्वतः फॉर्म भरताना निवडलेला असतो, नाहीतर साइटने आपल्या हिशोबाने लावलेला असतो. तिथे जाऊन कोणी खोली मोजलेली नसते. मी स्वतः कळंगुटच्या पट्ट्यात फ्रंट ऑफिस सांभाळलं आहे, आता म्हापशात बसून बुकिंगचं काम करतो. एकच हॉटेल एका साइटवर टू स्टार आणि दुसऱ्यावर थ्री स्टार, हे मला रोज दिसतं. तिसरा तारा म्हणजे पाहुण्यांचे गुण, '४.२' वगैरे. ते राहून गेलेल्यांचं मत आहे, त्याचा हॉटेलच्या श्रेणीशी संबंध नाही. ४.५ गुणांचं साधं गेस्ट हाऊस असू शकतं आणि ३.४ गुणांचं फोर स्टार हॉटेलही.

आपल्या गोव्यात यात आणखी एक घोळ होतो. इथे पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला राज्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, १९८२ च्या कायद्याखाली. त्या नोंदणीत हॉटेलांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. रिसेप्शनच्या भिंतीवर जे सर्टिफिकेट टांगलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच. एखादा माणूस तुम्हाला फोनवर 'आमचं बी कॅटेगरी, गव्हर्नमेंट अप्रूव्हड' म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण तो स्टार नाही. हॉटेल बेकायदा चाललेलं नाही एवढंच त्यातून कळतं. तेही कमी महत्त्वाचं नाही, विशेषतः बंगले आणि फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांच्या बाबतीत.

म्हणून कळंगुटच्या त्या हॉटेलला फोन लावून सरळ विचारा: 'तुमचं थ्री स्टार पर्यटन मंत्रालयाचं आहे का, आणि प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे?' खरं असेल तर तारीख लगेच सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही पाठवतात, कारण त्यासाठी त्यांनी पैसे आणि मेहनत घातलेली असते. 'साइटवर बघा ना मॅडम, थ्री स्टारच आहे' असं उत्तर आलं की समजून जा. मंत्रालयाच्या 'निधी' पोर्टलवरही हॉटेलांची माहिती असते, तिथे नाव शोधून पाहता येतं.

आता समजा ते प्रमाणपत्र खरं निघालं. तरी त्यात तुम्हाला काय मिळतं?

नियमावलीत थ्री स्टारसाठी खोलीचं किमान क्षेत्रफळ, बाथरूम सोडून, १३० चौरस फूट आहे. फोर स्टारला १४०. म्हणजे स्टार एकाने वाढला तरी सक्तीची जागा वाढते ती फक्त १० चौरस फूट. फाइव्ह स्टारला मात्र एकदम २०० होते. बरीच हॉटेलं यापेक्षा मोठ्या खोल्या देतात, पण हमी किती, तर १३०.

या १३० मध्ये तुमचं कुटुंब बसवून बघू या. खोली १३ बाय १० फुटांची धरा. डबल बेड साधारण ६ बाय साडेसहा, त्याने ३९ चौरस फूट घेतले. कपाट, टीव्हीखालचा कट्टा, एक खुर्ची आणि टेबल यांना २० ते २५. सासूबाईंसाठी जादा गादी टाकली, ३ बाय ६, म्हणजे आणखी १८. कागदावर अजून ४८ ते ५३ चौरस फूट उरलेले दिसतात, पण त्यातला दरवाजा उघडायचा आणि बाथरूमकडे जायचा पट्टा वजा करा. गादी पडणार नेमकी त्याच वाटेवर, आणि बॅगा तिच्या पायथ्याशी. रात्री मुलगा पाणी प्यायला उठला तर आजीला ओलांडून जाणार. आणि मुख्य म्हणजे जादा 'बेड' म्हणून जे मिळतं ते थ्री स्टारमध्ये बहुधा जमिनीवरची गादीच असते. गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवरून उठायला लावणं बरं नाही. चौघांना एका खोलीत कोंबण्याचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा, हॉटेल कुठलंही असो.

एसीचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. फोर स्टारपासून वर सगळ्या खोल्या वातानुकूलित लागतात. थ्री स्टारला निम्म्या असल्या तरी चालतं, आणि एक-दोन स्टारला पाव भाग. नोव्हेंबरात इथे रात्री बऱ्या असतात, पण दुपारी किनाऱ्यावरून आल्यावर दमट उकाडा अंगावर येतो. तेव्हा 'हॉटेल एसी आहे का' असं विचारू नका, 'आमच्या नावावर लागलेली खोली एसी आहे का' असं विचारा, आणि बुकिंगच्या कागदावर तो शब्द आहे का बघा.

लिफ्टचा नियम तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. तळमजला अधिक दोन मजले, याहून उंच इमारतीलाच लिफ्ट सक्तीची आहे. कळंगुट, कांदोळी, बागा या भागातल्या कितीतरी इमारती तळमजला अधिक दोन एवढ्याच आहेत. म्हणजे खऱ्याखुऱ्या थ्री स्टारमध्ये, सगळे नियम पाळून, तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर जिन्याने चढावं लागू शकतं. दिवसातून चार वेळा चढउतार धरा, चार दिवस. सासूबाई दुसऱ्या दिवशीच 'तुम्ही जा, मी खोलीत पडते' म्हणतील.

स्विमिंग पूलची गंमत उलटी. लोकांना वाटतं पूल आहे म्हणजे थ्री स्टार. पूल सक्तीचा आहे तो फाइव्ह स्टारपासून. खाली तो असला तर छान, नसला तरी स्टारला धक्का नाही. मुलाला पूल हवा असेल तर तो स्टारमधून ओळखू नका, वेगळा विचारा, आणि त्याची वेळही विचारा.

आता नियमावलीच्या चांगल्या बाजूकडे येतो, कारण प्रमाणपत्र खरं असेल तर त्याला किंमत आहेच. थ्री स्टारमध्ये चादरी-टॉवेल रोज बदलायचे असतात, एक-दोन स्टारला दिवसाआड चालतं. डॉक्टरला बोलावण्याची सोय हवी, आग लागल्यास सूचना देणारी यंत्रणा हवी. आणि दिव्यांग पाहुण्यांसाठी किमान एक खोली वेगळी तयार ठेवावी लागते, व्हीलचेअर जाईल एवढा दरवाजा आणि बाथरूममध्ये धरायला दांडे. ही खोली बहुधा तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ असते आणि वर्षातले बरेच दिवस ती साध्या गिऱ्हाइकाला दिली जाते, कारण कोणी मागतच नाही. तुम्ही मागा. 'आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, तुमची दिव्यांगांसाठीची खोली त्या तारखांना मोकळी आहे का?' एवढ्या एका प्रश्नात दोन कामं होतात. खोली मिळाली तर उत्तम. आणि 'तशी खोली नाही आमच्याकडे' असं उत्तर आलं तर त्यांच्या थ्री स्टारबद्दलही काय ते कळलं.

स्टारमध्ये अजिबात न बसणाऱ्या गोष्टी कुठल्या, तर गोव्यात ज्यांच्यावरून सहल सुधारते किंवा बिघडते त्याच. समुद्र किती लांब, रात्री आवाज किती, नाश्ता दरात आहे की नाही, आणि आज, या महिन्यात तिथले लोक काम कसं करताहेत. समितीने पाहणी केली त्या दिवशीचं चित्र कागदावर असतं. चार वर्षांत मॅनेजर बदलला, मालक बदलला, गाद्या बसल्या, तरी स्टार तोच राहतो.

समुद्राचं अंतर साइटवर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. '५०० मीटर' लिहिलेलं असतं आणि पायी जाताना वळसा घालून सव्वा किलोमीटर निघतं, कारण मध्ये कोणाचं तरी कुंपण असतं. नकाशावर हॉटेलपासून किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकपर्यंत पायी मार्ग लावून बघा. आणि सासूबाईंसाठी शेवटचे शंभर पावलं कशी आहेत तेही विचारा. कळंगुटच्या मुख्य ठिकाणी पायऱ्या उतरून वाळूवर जावं लागतं. कांदोळीत बऱ्याच वाटा वाळूच्या टेकड्यांमधून जातात, तिथे पाय रुततो. मऊ वाळूत दुखऱ्या गुडघ्याने चालणं जिन्यापेक्षा सोपं नाही.

आवाजाबद्दल कायदा असा की रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. प्रत्यक्षात बागा, हणजूण, वागातोर या बाजूला हंगामात काय चालतं ते पाहुण्यांच्या तक्रारींतून कळतं. इथे पाहुण्यांचे अभिप्राय खरे उपयोगाला येतात, पण एकूण गुण बघून नव्हे. ताजे अभिप्राय वर घ्या, कुटुंबासह राहून गेलेल्यांचे निवडा, आणि मग महिने बघून वाचा. जून ते सप्टेंबरमधले वाचले की भिंतींची ओल, कुबट वास, वीज गेल्यावर जनरेटर लागतो की नाही हे कळतं. डिसेंबर-जानेवारीतले वाचले की आवाज आणि गर्दी कळते. पावसाळ्यात कुबट वासाची तक्रार दोन-तीन वेळा आली असेल तर नोव्हेंबरात नुसता रंग मारलेला असण्याची शक्यता धरा.

फोटोंवरून खोली केवढी ते ओळखायची एक साधी युक्ती आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सने खोली दुप्पट दाखवता येते, पण फरशा लपवता येत नाहीत. हल्लीच्या हॉटेलांत व्हिट्रिफाइड फरशी बहुधा २ बाय २ फुटांची असते. बेडच्या कडेपासून भिंतीपर्यंत फरशा मोजा. एकच फरशी दिसली तर तिथे दोन फूट वाट आहे, त्यात गादी पडणार नाही.

आता तुमच्या दोन पर्यायांचा हिशोब. कळंगुटला एक खोली ४,२०० आणि जादा गादीचे समजा १,२०० घेतले, तर ५,४०० झाले. ७,५०० पर्यंतच्या खोलीवर सध्या जीएसटी ५ टक्के आहे (सप्टेंबर २०२५ पूर्वी १२ होता), म्हणजे ५,६७०. हा कर दरावर बसतो, स्टारवर नाही, तेव्हा 'थ्री स्टार म्हणून टॅक्स जास्त' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कांदोळीला दोन खोल्या घेतल्या तर ६,०००, कर लागला तर ६,३००. फरक रात्रीला ६३० रुपयांचा. तेवढ्यात सासूबाईंना स्वतःचा पलंग, स्वतःचं बाथरूम, आणि मुलगा आजीपाशी झोपला तर तुम्हालाही मोकळीक. त्या खोल्या तळमजल्यावर, शेजारी-शेजारी आणि एसी असतील, तर मी बिनस्टारचं गेस्ट हाऊस घेईन.

त्याला स्टार नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याचं कारण अगदी साधं असू शकतं: मंत्रालयाच्या श्रेणीसाठी किमान १० खोल्या लागतात. पणजीला फोंताइन्यासमधल्या पाच-सहा खोल्यांच्या देखण्या जुन्या घरांनाही त्यामुळेच स्टार मिळू शकत नाही. अशा लहान घरांसाठी मंत्रालयाची वेगळी योजना आहे, तिच्यात 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' अशा दोन पायऱ्या असतात. पाळोळे-आगोंदला किनाऱ्यावर ज्या लाकडी झोपड्या दिसतात त्या हंगामापुरत्या उभ्या राहतात आणि पावसाआधी उतरवतात, त्यांचा तर स्टारशी संबंधच येत नाही.

मात्र गेस्ट हाऊसला स्टार नाही म्हणजे मागे कुठला तक्ताही नाही, तेव्हा विचारपूस तुम्हालाच जास्त करावी लागेल. पर्यटन खात्याची नोंदणी आहे का ते आधी. मग रात्री कोणी माणूस जागेवर असतो का, की मालक म्हापशाला राहतो आणि चावी शेजारी ठेवतो. कमोड वेस्टर्न आहे का, बाथरूमच्या दाराशी पायरी आहे का, गरम पाणी गिझरचं की ठरावीक वेळेचं. चादर रोज बदलतात की मागितल्यावर. या सगळ्याला पाच मिनिटांच्या वर लागत नाहीत. मालक नीट उत्तरं देतो का, की 'या तर खरं, सगळं होऊन जाईल' म्हणतो, यावरूनही पुष्कळ कळतं. बोलणं झालं की तेच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना लिहून पाठवा: 'तळमजल्यावरच्या दोन एसी खोल्या, तारीख अमुक ते अमुक, दर रात्रीला ३,००० प्रति खोली, नाश्ता धरून किंवा सोडून, कृपया होकार कळवा.' आलेला होकार जपून ठेवा.

आणि कळंगुटवाल्यांनी प्रमाणपत्र दाखवलं, ती दिव्यांगांची खोली दिली आणि शेजारची दुसरी खोली कमी दरात द्यायला तयार झाले, तर तेच घ्या. नोव्हेंबरात, दिवाळी आणि महिन्याअखेरचा काळ सोडला तर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोन खोल्यांसाठी दर खाली येतो. साइटवरचा दर दाखवून थेट हॉटेलशी बोला, साइटला द्यायचं कमिशन वाचतं म्हणून ते ऐकतात.

पोहोचल्यावर काय करायचं तेही सांगतो. रेल्वेने थिवीला सकाळी उतरलात तर खोली दुपारी १२ किंवा २ च्या आधी मिळेल असं धरू नका, कुठल्याही स्टारमध्ये तशी हमी नसते. बॅगा रिसेप्शनला ठेवायला देतात. खोली तयार झाली की आधी मिस्टरांना नुसते पाहून येऊ द्या, रजिस्टरवर सही नंतर. एसी चालू करून पाच मिनिटं थांबायचं, नळ आणि गिझर बघायचा, गादी हाताने दाबून बघायची. बुकिंगपेक्षा वेगळी खोली असेल तर तिथेच, बॅगा न उघडता, तो व्हॉट्सअ‍ॅपचा होकार दाखवायचा. त्या क्षणी दुसरी खोली देणं त्यांना सोपं असतं, रात्री मुक्काम केल्यावर अवघड होतं. तरीही नसलेला स्टार दाखवून बुकिंग घेतलं असेल आणि पैसे परत द्यायला तयार नसतील, तर फोटो आणि साइटवरच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. पर्यटकांसाठीची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, परक्या गावात रात्री अडचण आली तर पहिला फोन तिथे करा.